बुफेत बर्नरवर ठेवलेले अन्न: किती गरम राहायला हवे आणि तेवढे कसे ठेवावे

प्रश्न: वडिलांच्या पंच्याहत्तरीनिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये ८० माणसांचे बुफे जेवण ठेवले आहे. चिकन रस्सा, मसालेभात, पनीरची भाजी आणि डाळ असा बेत आहे. केटरर संध्याकाळी ५.३० ला अन्न आणून देणार आणि जेवण ७.३० ते १०.३० चालणार. ‘खाली बर्नर पेटवला की काळजी नको, शेवटपर्यंत वाफ येत राहते,’ असे तो म्हणतो. अन्न नक्की किती गरम राहायला हवे आणि बर्नरवर ते खरेच तेवढे राहते का?

उत्तर:

जेवण सुरू झाल्यापासून शेवटचा पाहुणा वाढून घेईपर्यंत अन्नाच्या मध्यभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या खाली येता कामा नये. गरम वाढायच्या अन्नासाठी आपल्या एफएसएसएआयच्या नियमांत हीच मर्यादा दिलेली आहे. इंग्लंडमध्ये ती ६३ अंश आहे आणि अमेरिकेच्या आदर्श अन्न नियमावलीत ५७ अंश आहे. हे आकडे वेगळे असले तरी त्यांच्यामागचे कारण एकच आहे, कोणी सुरक्षिततेसाठी किती अंशांचा वाव ठेवला एवढाच फरक. मी स्वतः ६५ अंश धरून काम करते, कारण बुफेत झाकणे सतत उघडली जातात आणि दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात चार-पाच अंश सहज निघून जातात.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, कढत अन्न भरले असेल तर बर्नर त्याला ६० च्या वर धरून ठेवू शकतो, पण कोमट अन्न तो तेवढे गरम करू शकत नाही. बुफेत जे काही बिघडते त्यातले बहुतेक या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

आधी ६० अंशच का, ते पाहू. रस्सा खळखळून उकळला म्हणजे त्यातले सगळे जंतू मेले, असा आपला समज असतो. वाढत असलेले जंतू मरतात हे खरे, पण काही जंतू बीजाणूंच्या, म्हणजे कठीण कवचातल्या सुप्त रूपात असतात आणि ते बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात. मांसाचे रस्से, दाट डाळी आणि मोठ्या प्रमाणात केलेल्या भाज्या यांत ज्याची सर्वांत जास्त भीती असते तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू याच जातीचा. उकळीच्या उष्णतेने त्याचे बीजाणू मरत तर नाहीतच, उलट जागे होतात. शिवाय उकळताना रश्श्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो आणि बरोबरीचे इतर जंतू मेलेले असतात, त्यामुळे त्याला मोकळे रान मिळते. अन्न ५० अंशांच्या आसपास उतरले की तो वाढू लागतो आणि ४३ ते ४५ अंशांना त्याची वाढ सर्वांत वेगाने होते. अनुकूल परिस्थितीत तो दहा मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात दुप्पट होतो. दहा मिनिटांचा हिशेब धरला तरी २ तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांहून अधिक होतात. दर ग्रॅममागे त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली की ते अन्न माणसाला आजारी पाडू शकते.

याचा त्रास साधारणपणे ६ ते २४ तासांनी सुरू होतो. पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, उलटी आणि ताप मात्र क्वचितच असतो. रात्री जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आजारी पडतो आणि ‘तेलकट बाधले’ किंवा ‘जास्त जेवण झाले’ असे म्हणून विषय संपतो. निरोगी तरुण माणूस एका दिवसात बरा होतो. पण तुमच्याकडे पंच्याहत्तरीचा सोहळा आहे, म्हणजे वडिलांच्या वयाची बरीच मंडळी येणार, आणि जुलाबांनी अंगातले पाणी कमी होणे त्या वयात साधी गोष्ट नाही. अशा अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, फेसही दिसत नाही. चाखून पाहणाऱ्याला ते उत्तमच लागते.

आता बर्नरकडे वळू. बुफेचे जे भांडे असते, ज्याला केटरर चेफिंग डिश म्हणतात, त्यात खाली पाण्याचा ट्रे, त्यावर अन्नाचा ट्रे आणि वर झाकण असते. पाण्याच्या ट्रेखाली जेलचे किंवा वातीचे एक-दोन डबे जळत असतात. ती आच अन्नाला थेट लागत नाही. ती पाणी तापवते, पाण्याची वाफ अन्नाच्या ट्रेचा तळ तापवते आणि तिथून उष्णता अन्नात चढते. दोन डब्यांची मिळून आच घरातल्या गॅसच्या एका बर्नरच्या आचेपेक्षा बरीच कमी असते आणि त्यातलाही मोठा वाटा आजूबाजूच्या हवेत जातो. जी उष्णता खरोखर अन्नापर्यंत पोहोचते ती झाकण, कडा आणि पृष्ठभाग यांतून निघून जाणारी उष्णता भरून काढण्यापुरतीच असते. म्हणूनच ७५ अंशांचा रस्सा या भांड्यात नीट टिकतो. पण ४० अंशांचा सहा लिटर रस्सा त्यात ओतून खाली डबे पेटवले, तर तो ६० च्या वर जायला तास-दीड तास लागू शकतो, आणि झाकण उघडे राहिले तर तो तिथवर पोहोचतच नाही. त्यातही ४० ते ५० अंशांचा टप्पा तो अगदी सावकाश ओलांडतो, म्हणजे परफ्रिंजेन्सला जे सर्वांत मानवते त्याच तापमानात अन्न बराच वेळ राहते. तसे पाहिले तर कोमट अन्न बर्नरवर चढवण्यापेक्षा तसेच ठेवून अर्ध्या तासात संपवलेले बरे.

वाफेवर विसंबू नका, असे मी का म्हणते तेही सांगते. हॉलमध्ये एसी जोरात असेल तर ५० अंशांच्या डाळीतूनही छान वाफ निघताना दिसते, कारण वाफ दिसणे हे अन्नाइतकेच भोवतालच्या हवेच्या थंडपणावर अवलंबून असते. उलट चिकन रश्श्यावर तेलाचा जाड तवंग असेल तर खालचा रस्सा ७० अंशांचा असूनही वर वाफ जवळजवळ दिसत नाही, कारण तवंग बाष्पीभवन अडवतो. म्हणजे जे अन्न धोक्यात आहे ते सुरक्षित वाटते आणि जे सुरक्षित आहे त्याबद्दल शंका येते. ट्रेच्या कडेला हात लावून पाहणेही निरुपयोगी आहे. त्याने कळते ते पत्र्याचे तापमान, अन्नाचे नव्हे.

यावर उपाय एकच, सळईचा डिजिटल थर्मामीटर. तो हजार रुपयांच्या आत मिळतो. सळईचे टोक ट्रेच्या मधोमध, अन्नाच्या थराच्या निम्म्या खोलीवर ठेवायचे, ते तळाला किंवा कडेला टेकू द्यायचे नाही आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. रश्श्यात एकदा द्रवात आणि एकदा चिकनच्या जाड तुकड्याच्या आत मोजावे. दोन पदार्थांच्या मध्ये सळई गरम पाण्याने धुऊन स्वच्छ पुसायची. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो बरोबर दाखवतो का ते तपासून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात सळई बुडवली की आकडा शून्याच्या एक अंश इकडेतिकडे यायला हवा. उकळत्या पाण्यातही तपासता येते, फक्त पुण्यासारख्या उंचीवरच्या शहरात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते हे ध्यानात ठेवा, नाहीतर चांगला थर्मामीटर उगाच बाद कराल. पिस्तुलासारखे, लांबून लाल ठिपका टाकणारे थर्मामीटर या कामाला चालत नाहीत, कारण ते फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगतात.

तुमच्या बेतातल्या चार पदार्थांपैकी सर्वांत अवघड पदार्थ मसालेभात आहे, हे ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. पातळ रस्सा तळाशी तापला की गरम भाग आपोआप वर चढतो आणि थंड भाग खाली येतो, त्यामुळे सगळा रस्सा जवळपास सारखा तापलेला राहतो. भातात अशी हालचाल होत नाही. दाण्यादाण्यांत हवा अडकलेली असते आणि उष्णता वरपर्यंत फार हळू पोहोचते. एका रिसेप्शनमध्ये मी मसालेभाताच्या ट्रेत तीन ठिकाणी मोजले होते. भात दिसायला छान दिसावा म्हणून डोंगरासारखा रचला होता आणि वर फ्रिजमधून काढलेले ओले खोबरे आणि कोथिंबीर पसरली होती. तळाशी सळई टेकत आली तिथे ७२ अंश होते, मध्यात ५४ आणि शिखराजवळ ४३. तळाला खरपूड धरायला लागली होती म्हणून वाढप्याने आच कमी केली होती, आणि वरचा भात मात्र धोक्याच्या तापमानात बसला होता. एकाच ट्रेत एकाच वेळी जळणे आणि निवणे दोन्ही चालू होते. म्हणून भाताचा थर पाच सेंटीमीटरपेक्षा जाड नको, तो सपाट हवा आणि खोबरे वेगळ्या वाटीत, वाढताना घालायला ठेवलेले हवे. ओले खोबरे भात थंड करतेच, शिवाय ते स्वतःही उबेत लवकर बिघडते.

भाताच्या बाबतीत आणखी एक जंतू ध्यानात ठेवावा लागतो, तो म्हणजे बॅसिलस सेरेयस. तांदळात त्याचे बीजाणू असतातच आणि तेही शिजताना मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला तर हा जंतू एक विष तयार करतो, आणि ते विष १२० अंशांच्या उष्णतेलाही नष्ट होत नाही. त्यामुळे कोमट राहिलेला भात पुन्हा वाफवला की ठीक, हे खरे नाही. अशा भाताने अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

पनीरची भाजी आणि डाळ या दोन्ही दाट असल्यामुळे भात आणि रस्सा यांच्या मधल्या ठरतात. डाळ ठेवल्या ठेवल्या घट्ट होत जाते आणि तिच्यावर साय धरते, त्या सायीखाली वरचा थर निवतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी डाव तळापर्यंत नेऊन ढवळले, तर दोन्ही पदार्थ सगळीकडे सारखे गरम राहतात. हे काम वाढप्याला नेमून द्यावे लागते, आपण होऊन कोणी ते करत नाही.

केटररची एक अडचण खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. ७० अंशांवर तीन तास ठेवले तर पनीर चिवट होते, रस्सा आटून खारट होतो, चिकनचे तुकडे सुटून चोथा होतात आणि यजमान नाराज होतात. म्हणून आचारी आच कमी करतात किंवा पाहुणे जमल्यावरच बर्नर पेटवतात. तक्रार टाळण्याचा त्यांना माहीत असलेला हा मार्ग असतो. पण यातून सुटण्यासाठी तापमान उतरवायची गरज नाही, एकेका ट्रेने बुफेत काढायचा वेळ उतरवायचा. मोठा ट्रे काठोकाठ भरून तीन तास ठेवण्याऐवजी थोडे थोडे भरून दर पाऊण तासाने ट्रे बदलला, तर ६५ अंश राखूनही अन्नाची चव आणि पोत दोन्ही टिकतात.

तुमच्या संध्याकाळसाठी मी पुढीलप्रमाणे आखणी करीन.

पहिली गोष्ट, अन्न ५.३० ला आणू नका असे केटररला आजच सांगा. ७.३० ला सुरू होणाऱ्या जेवणासाठी ते ६.४५ ला पोहोचले तरी पुरे आहे. मधले सव्वा तास अन्न नुसते निवणार आहे. केटररला दुसरीकडे जायचे असल्यामुळे हे जमत नसेल, तर त्याने अन्न बंद थर्मल बॉक्समध्ये, भरताना ८५ अंशांच्या वर असताना भरून आणावे आणि बरोबर एक गॅसची शेगडी व सिलिंडर ठेवावा. उघड्या टोपावर ताट आणि वर फडके, अशा अवस्थेत आलेले अन्न दोन तास थांबवू नये.

अन्न आले की केटररचा माणूस समोर असतानाच प्रत्येक भांड्यात मोजा. ६५ किंवा वर असेल तर झाकण लावून तसेच ठेवा, उगाच उघडू नका. ६० ते ६५ च्या मध्ये असेल तर लगेच शेगडीवर घ्या. रस्सा आणि डाळ ढवळत ढवळत उकळी फुटेपर्यंत तापवा, पनीरची भाजी ७५ अंशांपर्यंत न्या. मसालेभात मोठ्या भांड्यात एकदम तापवता येत नाही. तो दोन-तीन भागांत विभागून, गरम पाण्याचा हबका मारून, तव्यावर भांडे ठेवून झाकण घालून वाफवावा लागतो. ६० च्या खाली आले असेल तर ते कधी शिजवले आणि कधीपासून निवते आहे हे केटररला नीट विचारा. त्याला ते ठामपणे सांगता आले नाही तर ते अन्न वाढायचे नाही. हे बोलणे अवघड जाते, म्हणून येतानाचे तापमान ६५ असले पाहिजे ही अट आगाऊ रक्कम देतानाच लिहून घेतलेली चांगली.

६.४५ ला पाण्याच्या ट्रेमध्ये उकळते पाणी दोन-अडीच सेंटीमीटर भरा. नळाचे पाणी भरले तर ते तापण्यातच डब्यांची सुरुवातीची सगळी आच खर्ची पडते. पूर्ण आकाराच्या ट्रेखाली दोन डबे पेटवा, वर अन्नाचा रिकामा ट्रे ठेवून झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या, म्हणजे ट्रे स्वतः तापलेला असेल. थंड पत्र्यात अन्न ओतले की तिथल्या तिथे त्याचे काही अंश जातात. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरले की भरायला सुरुवात करा.

७.१५ ला भरा, पण सगळे नाही. ८० माणसांना माणशी १५० ग्रॅम धरला तर मसालेभात १२ किलो लागेल. तो एकदम न भरता ३ किलोच्या चार खेपा करा. पूर्ण आकाराच्या ट्रेत ३ किलो भात उथळ पसरतो. रस्साही असाच दोन-तीन खेपांत. उरलेले अन्न थर्मल बॉक्समध्ये किंवा मंद शेगडीवर मागे राहू द्या, आणि तेही ६० च्या वर आहे ना ते मोजत राहा, कारण मागे ठेवलेल्या भांड्याकडे कोणाचेच लक्ष नसते. ट्रे रिकामा होत आला की त्यात वरून ताजे अन्न ओतायचे नाही. तो ट्रे उचलून त्याच्या जागी नवा भरलेला ठेवायचा. जुन्यावर नवे ओतत गेले तर तळाचा पहिला घास साडेदहापर्यंत तिथेच राहतो आणि त्याने किती वेळ कोणत्या तापमानात काढला हे कोणालाच सांगता येत नाही.

७.३० ला पहिली मोजणी करा आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाने. एका कागदावर वेळ, पदार्थ आणि आकडा एवढेच लिहायचे. घरातला एखादा जबाबदार मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करते, त्यासाठी केटरिंगचा अनुभव लागत नाही.

सर्वांत जास्त धोका ९ च्या सुमाराला असतो. जेलचा डबा साधारण २ ते अडीच तास जळतो. तुम्ही ६.४५ ला पेटवले असतील तर ९ वाजता ते विझण्याच्या बेतात असतील, आणि नेमके तेव्हाच ऑफिसमधून उशिरा सुटलेली मंडळी जेवायला येतात. जेलची ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे डबा विझलेला कोणाच्या ध्यानातही येत नाही. ८.४५ ला सगळे डबे बदला आणि त्याच वेळी पाण्याच्या ट्रेमध्ये उकळते पाणी वाढवा, कारण दोन तासांत बरेच पाणी आटलेले असते. पाणी पूर्ण संपले तर आच थेट पत्र्याला लागते आणि अन्न तळाशी करपते. ज्योत दिसत नसल्यामुळे एक दक्षता अगदी कसोशीने पाळायची: जळत्या किंवा नुकत्याच विझलेल्या डब्यात वरून जेल कधीही ओतायचे नाही. डबा विझला असे समजून ओतताना भडका उडून माणसे गंभीर भाजलेली आहेत. जुना डबा त्याचे झाकण ठेवून विझवायचा, चिमट्याने काढायचा आणि नवा ठेवायचा. वातीचे डबे जास्त वेळ, बहुतेक ४ ते ६ तास चालतात. तुमच्या कार्यक्रमाला तेच मागवले तर ही बदलाबदल वाचेल.

झाकणाबाबत आग्रह धरा. उष्णता सर्वांत जास्त जाते ती उघड्या पृष्ठभागातून. पाहुण्यांना झाकण उघडायचा कंटाळा येतो म्हणून वाढपी ती काढून टेबलाखाली ठेवतात. गोल फिरून मागे जाणारी झाकणे असलेली भांडी मिळाली तर ती घ्या, नाहीतर प्रत्येक ट्रेमागे वाढायला माणूस उभा करा आणि झाकण त्याच्या हातात राहू द्या. टेबल एसीच्या झोताखाली किंवा पंख्याखाली मांडू नका. कार्यक्रम पुढे गच्चीवर किंवा लॉनवर हलवायचे ठरले तर वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते आणि ट्रेचा अर्धा भाग थंड राहतो, तेव्हा टेबलाच्या तीन बाजूंना आडोसा करावा लागेल.

समजा, इतके करूनही ८.३० ला मसालेभात ५४ अंशांवर आढळला. कागदावर ८ वाजताचा आकडा ६४ असेल, तर तो ६० च्या खाली अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ आहे हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. तो ट्रे मागे न्या, शेगडीवर ७५ अंशांपर्यंत वाफवा आणि पुन्हा आणा. असे एकदाच करायचे. हे तापवणे शेगडीवरच व्हायला हवे, ‘बर्नर मोठा केला’ म्हणजे पुन्हा तापवले असे होत नाही. पण आधीचा आकडा लिहिलेलाच नसेल, किंवा अन्न ६० च्या खाली दोन तासांहून जास्त राहिले असेल, तर ते टाकून द्यावे लागते. उन्हाळ्यात उघड्यावर, हवा ३२ अंशांच्या वर असताना, ही मुदत एका तासावर येते. भातातल्या विषाचे वर सांगितलेच आहे. वाढणाऱ्याच्या हातांवरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे विषही पुन्हा उकळून जात नाही. त्यामुळे शंका असताना केलेली उकळी फक्त मनाची समजूत घालते.

साडेदहानंतर ट्रेमध्ये उरलेले अन्न डब्यात भरून पाहुण्यांबरोबर किंवा कामाच्या मंडळींबरोबर देऊ नका. तीन तास उघडझाप झालेल्या त्या ट्रेमधले अन्न रात्रभर बाहेर राहिले की त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मागच्या बॉक्समध्ये ६० च्या वर राहिलेले, बुफेवर न आलेले अन्न मात्र चांगले आहे आणि ते जरूर ठेवावे, फक्त लवकर थंड करावे लागेल. दहा लिटर रस्सा टोपासकट फ्रिजमध्ये ठेवला तर तो मध्यभागी सकाळपर्यंत कोमट राहू शकतो. तो उथळ पातेल्यांत पाच सेंटीमीटरच्या थरात विभागा, पातेली बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, दोन तासांच्या आत २१ अंशांपर्यंत उतरवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खाण्याआधी रश्श्याला पूर्ण उकळी आणा आणि भात मध्यभागी ७५ अंश होईपर्यंत वाफवा, तेही जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढून.